पुण्यातली गाडी सोलापुरात बसून रिपोर्टवर घ्यावी का?

जुळेसोलापूरकर: हडपसरची २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक फोटोतच पसंत पडली. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाला पैसे देऊन तपासून घेतली. रिपोर्टात ५ पैकी ४.३ गुण, ‘अपघात नाही, फॉल्ट कोड नाही’. टोकन देऊ का?

दत्तू मिस्त्री: अजिबात नको. आपला मेकॅनिक घेऊन सकाळी निघा, रात्री परत. गाडी कानानं आणि हातानं बघायची असते बे, पीडीएफवर नाही.

मंजुषा: रोज एक गाडी बघायला पुण्याला कोण जाणार? रिपोर्ट चाळणीसाठी असतो. पण गुण बाजूला ठेवा, रंगाच्या जाडीचे आकडे टाका.

जुळेसोलापूरकर: मायक्रॉनमध्ये: बॉनेट ११०, छत १०५, डावा मागचा दरवाजा २९०, त्यामागचा पत्रा ३४०, मागचा बंपर १२०.

सागर: २९० म्हणजे ठोकलेली. सोडून द्या.

मंजुषा: इतकी घाई नको. छत-बॉनेटचा रंग कंपनीचा वाटतो. दरवाजा पुन्हा रंगवलाय, पण तो बोल्टवर बसतो आणि नुसत्या ओरखड्यालाही रंगवतात. मागचा पत्रा मात्र बॉडीला वेल्ड असतो. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्याचे आणि दोन्ही बाजूंच्या जोडांचे फोटो मागा. डावीकडचं सीलंट उजवीपेक्षा वेगळं, हातानं फासल्यासारखं दिसलं, तर तिथं मोठं काम झालंय.
आणि बंपर प्लॅस्टिकचा. नेहमीचं गेज धातूवरच चालतं. हा १२० आला कुठून?

अक्कलकोटचे काका: मी गुलबर्ग्याहून गाडी आणली, एनओसीला फार फिरवलं. आधी ते बघा.

सागर: काका, पुणं महाराष्ट्रातच आहे.

जुळेसोलापूरकर: फॉल्ट कोड नाही, हे तरी चांगलंच ना?

मंजुषा: स्कॅनच्या पानावर ‘कोड पुसल्यानंतरचं अंतर’ बघा.

जुळेसोलापूरकर: ९ किमी. खाली चार चाचण्या ‘अपूर्ण’.

मंजुषा: म्हणजे तपासणीच्या तोंडावर कोड पुसलेत. इतक्या कमी अंतरात गाडीची स्वतःची तपासणी पुरी होत नाही, डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागायचा असला तरी अजून लागला नसेल.

दत्तू मिस्त्री: बॅटरी काढली तरी बऱ्याच गाड्यांत असंच दिसतं. त्याला लगेच चोर ठरवू नका.

मंजुषा: खरंय. मग नव्या बॅटरीचं बिल दाखवू दे. नाहीतर शहरात आणि हायवेला मिळून शंभरेक किमी चालवून पुन्हा स्कॅन.

जुळेसोलापूरकर: तपासणीवाल्याशी बोललो. बंपरचा आकडा ‘टाइप करताना पडला’ म्हणतो, जोडांचे फोटो काढलेच नाहीत. विकणारा दुसऱ्या स्कॅनला तयार आहे, पण आधी टोकन मागतोय.

दत्तू मिस्त्री: ज्यानं न मोजता आकडा लिहिला, त्याचा ११० तरी खरा कशावरून?

मंजुषा: हा मुद्दा मान्य. दुसऱ्या तपासणीवाल्याला पाठवा, टोकन न देता. तरी मी अजून ‘सोडा’ म्हणणार नाही.

दत्तू मिस्त्री: दोनदा फी भरण्यापेक्षा माझं एसटीचं तिकीट स्वस्त पडेल.