फोनवरचं बोलणं, ईमेल, 'आगामी' लेख: संदर्भसूचीत की फक्त मजकुरात?

प्रबंधवाला_सोलापूर
संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीचे नखरे पुरे झाले. गाइडशी झालेलं बोलणं, अधिकाऱ्याचा ईमेल, मित्राचा अजून न छापलेला लेख, सगळं संदर्भसूचीत टाका सरळ. माहिती घेतली ना त्यांच्याकडून? मग नाव सूचीत. सूची लांब दिसली की परीक्षकही गप्प बसतो.

माणदेशी_रेनगेज
हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, लांब होईल.

माझा प्रबंध माण तालुक्यातल्या पावसावर होता. एका ठिकाणच्या नोंदी एका वर्षापासून अचानक कमी दिसायला लागल्या. दुष्काळ म्हणावा तर शेजारच्या दोन्ही केंद्रांवर तसं काही नाही. शेवटी एका निवृत्त कर्मचाऱ्यांनी ईमेलवर कळवलं की पर्जन्यमापक तेव्हा मोकळ्या पटांगणातून उचलून इमारतीच्या आडोशाला ठेवला होता. माझं अख्खं एक प्रकरण त्या चार ओळींवर उभं होतं. मी तो ईमेल सूचीत घातला, अगदी लेखासारखा सजवून. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी सूचीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे मला कुठे वाचायला मिळेल? मी म्हटलं, माझ्या इनबॉक्समध्ये. ते म्हणाले, मग ही ओळ इथे कशाला?

सूची म्हणजे वाचकाला दिलेला पत्ता. त्या पत्त्यावर जाऊन त्याला काही सापडायला हवं. ईमेल, फोन, रेकॉर्ड न झालेलं व्याख्यान यातलं वाचकाला काहीच सापडत नाही, म्हणून एपीएत ते फक्त मजकुरात येतं: आद्याक्षरांसह नाव, मग 'वैयक्तिक संवाद', मग पूर्ण तारीख, उदाहरणार्थ १२ जून २०२३. नुसतं वर्ष चालत नाही. मी दुरुस्ती करताना तेच केलं, त्यांची लेखी परवानगी घेतली आणि त्यांचं वाक्य त्यांना दाखवून बरोबर आहे ना हेही विचारलं. मेडिकल जर्नलवाले तर ही परवानगी मागतातच.

आणि 'काय बिघडतं' असं वाटत असेल तर हिमनद्यांचं आठवा. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७च्या अहवालात आलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत संपू शकतात. खाली संदर्भ डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंरक्षण संस्थेच्या २००५च्या रिपोर्टचा. रिपोर्टने ते उचललं १९९९च्या न्यू सायंटिस्टमधल्या बातमीतून, आणि बातमीचा आधार होता एका अभ्यासकाचं वार्ताहराशी झालेलं बोलणं. जानेवारी २०१०मध्ये आयपीसीसीला जाहीरपणे चूक मान्य करावी लागली.

इंग्रजी_विभाग
ताई, तुमचं एपीएपुरतं ठीक आहे पण सगळ्या जगाचा नियम असल्यासारखं सांगू नका. आमच्याकडे एमएलए पद्धत चालते आणि त्यात स्वतः घेतलेली मुलाखत, ईमेल, पत्र, सगळं सूचीत जातं, व्यक्तीच्या आडनावाखाली. म्हणजे सोलापूरवाल्यांचंच बरोबर.

माणदेशी_रेनगेज
एमएलएबद्दल तुम्ही बरोबर आहात. पण सोलापूरवाल्यांनी एपीएचं नाव घेऊन एमएलएचा नियम लावलाय आणि वर 'सूची लांब दिसावी' हे कारण दिलंय, ते कुठल्याच पद्धतीत बसत नाही. शिकागो पद्धतीत तर असला संवाद बहुतेक वेळा टिपेत किंवा मजकुरातच राहतो.

शंकासूर
तुमचं हिमनदीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. डब्ल्यूडब्ल्यूएफचा रिपोर्ट छापील होता, सूचीत ठेवण्याजोगा होता, तिथे ठेवलाही होता. नियम पाळला तरी घोटाळा झालाच की.

माणदेशी_रेनगेज
बरं, मान्य. सूचीच्या नियमाने तो घोटाळा थांबला नसता. माझं म्हणणं इतकंच की बोलण्याला छापील कपडे चढले की मूळ काय होतं हे कुणी विचारत नाही, आणि ईमेल सूचीत सजवणं ही त्याचीच पहिली पायरी.

ओवीवाली
तुम्ही सगळे ईमेलवर अडकलात. मी जात्यावरच्या ओव्यांवर काम केलं. सत्तरी ओलांडलेल्या बायकांनी मला दोन-दोन तास गाऊन दाखवलं, एका आजींनी तर चूल विझू दिली पण ओवी मध्ये तोडली नाही. आणि मला सांगण्यात आलं की त्यांची नावं सूचीत नकोत, कारण त्या 'परत मिळण्याजोगा स्रोत' नाहीत. त्याच सूचीत एका सरांचं तीस पानी पुस्तक आहे, ज्यांनी या बायकांकडूनच ओव्या घेतल्या आणि एकीचंही नाव लिहिलं नाही. पुस्तकवाले सूचीत, गाणारीला कंसात तारीख. हा कसला न्याय?

शंकासूर
भावना समजते, पण संदर्भसूची ही मानपत्राची जागा नाही. ऋणनिर्देश असतो त्यासाठी.

ओवीवाली
ऋणनिर्देशात बसस्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याचंही नाव असतं हो! माझ्या प्रबंधाचा मजकूर त्या बायकांनी दिलाय. त्यांची रांग झेरॉक्सवाल्याबरोबर लावणार का तुम्ही?

माणदेशी_रेनगेज
इथे मी ओवीवाली ताईंच्या बाजूने आहे, पण वाट वेगळी सांगेन. रेकॉर्डिंग केलंत ना? ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा एखाद्या अभिलेखागारात जमा करा, नोंद क्रमांक घ्या. मग ते कुणालाही ऐकता येतं आणि गाणारीच्या नावाने एपीएच्या सूचीतही रीतसर जातं. जमा होईपर्यंत परिशिष्टात तक्ता द्या: नाव, गाव, वय, तारीख, कुठल्या ओव्या. आणि मजकुरात नुसती तारीख टाकू नका, गाव आणि समाजही लिहा. मौखिक परंपरेसाठी एपीएच्या सातव्या आवृत्तीत अशी सोय आहे.

कार्यकर्ती_नाशिक
थांबा जरा. नाव द्यायचं हे त्या बाईंना विचारलं का कुणी? मी घरकामगार बायकांच्या मुलाखती घेतल्या, एकीने मालकाबद्दल सांगितलं ते छापून आलं असतं तर काम गेलं असतं. ज्यांचा तुम्ही अभ्यास करता त्यांच्या मुलाखती 'वैयक्तिक संवाद' नसतातच, तो तुमचा डेटा असतो. बदललेल्या नावाने मजकुरात येतो, सूचीत अजिबात नाही.

ओवीवाली
माझ्या बायकांना नाव हवं होतं. एकीने तर विचारलं, पुस्तकात माझं नाव वाचून दाखवशील ना.

कार्यकर्ती_नाशिक
तुमच्या असतील, माझ्या नाहीत. म्हणून सरसकट नियम नको म्हणतेय.

धडपड्या_२६
मधेच विचारतो. माझा पेपर जर्नलला पाठवलाय, चार महिने झाले. प्रबंधात स्वतःचाच संदर्भ देताना 'इन प्रेस' लिहू ना?

माणदेशी_रेनगेज
नाही! स्वीकारल्याचं पत्र आल्याशिवाय 'इन प्रेस' नाही. नुसता पाठवलेला असेल तर एपीएत सूचीत ठेवता येतो, पण मसुदा ज्या वर्षीचा ते वर्ष आणि 'प्रकाशनासाठी सादर' एवढंच, जर्नलचं नाव द्यायचं नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने नाव दिलं, व्हायव्हाच्या आठवडाभर आधी नकार आला आणि छापलेल्या पाच प्रतींत ती ओळ तशीच. स्वीकारला तर वर्षाच्या जागी 'इन प्रेस' आणि मग जर्नलचं नाव. प्रबंध बांधायला देण्याआधी पुन्हा तपास, तोवर अंक आणि पानं आली असतील. मेडिकलवाला असशील तर नुसता पाठवलेला पेपर सूचीत नको, मजकुरात 'अप्रकाशित निरीक्षणे' म्हणून दे.

इंग्रजी_विभाग
आमच्या एका ज्येष्ठांचं 'आगामी' पुस्तक मी तीन प्रबंधांच्या सूचीत पाहिलंय. पहिला प्रबंध झाला त्याला अकरा वर्षं झाली. पुस्तक नाहीच आलं. तेव्हा 'आगामी' शब्दावर तुमचं म्हणणं पटतं, मुलाखतीवर अजून नाही.

प्रबंधवाला_सोलापूर
ठीक आहे, ईमेल काढतो सूचीतून. पण गाइडचा न छापलेला लेख? विभागाच्या कपाटात आहे, कुणीही येऊन वाचू शकतं.

माणदेशी_रेनगेज
तो चालेल. 'अप्रकाशित हस्तलिखित' लिहा, विभाग आणि विद्यापीठ लिहा. फक्त कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते एकदा बघा.