मदत हवी आहे: मालदीव-छागोस रांगेवरून भारतीय भूपट्टाचा वेग

नमस्कार. आमच्या रत्नागिरीत जांभ्याखाली दिसणारा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आज रियुनियन बेटाखाली असलेल्या, खोलातून लाव्हा वर येत राहणाऱ्या तप्तबिंदूवरून भारतीय भूपट्ट जात असताना ओतला गेला, असे मानले जाते. पट्ट उत्तरेकडे सरकत राहिल्याने मालदीवजवळ समुद्रतळाखाली सापडलेला बेसाल्ट सुमारे ५.७ कोटी, तर दक्षिणेकडील छागोसचा ४.९ कोटी वर्षांचा आहे. अंतर अंदाजे १,००० किलोमीटर धरले, तर वेग वर्षाला साडेबारा सेंटिमीटर येतो. त्याच तप्तबिंदूने घडवलेले मॉरिशस आफ्रिकी भूपट्टावर असल्याने (मधला महासागरी कटक तप्तबिंदूवरून सरकला) ते मी गणितात घेतले नाही. मात्र तप्तबिंदू स्वतःही हलला असेल, तर हा वेग किती चुकेल, आणि लाव्हात गोठलेल्या चुंबकत्वावरून मिळणारा अक्षांश त्यासाठी कसा वापरावा, हे कृपया कोणी समजावून सांगाल का?