बायपासनंतरचं सरप्राइज: करावं की नको?

अनघा: नवऱ्याच्या बायपासला ६ आठवडे झाले. तब्येत छान आहे, रोज चालतोय. येत्या रविवारी त्याला न सांगता वीसेक जणांना घरी बोलवायचं मनात आहे. सासूबाई म्हणतात, एवढ्यात नको. तुमचं मत?

रोहन: बिनधास्त करा! इतके दिवस माणूस गोळ्यांच्या वेळा आणि डॉक्टरांच्या तारखा यांत अडकलाय. जवळची माणसं एकत्र दिसली की मनाला उभारी येते. फक्त एकदम ओरडून दचकवू नका, हृदयावर ताण येईल.

मीनल: मी कार्डियाक फिजिओथेरपिस्ट आहे. उभारीबद्दल रोहन बरोबर बोलतायत. या ऑपरेशननंतर मन खचणं, विनाकारण रडू येणं नेहमीचं आहे आणि माणसं भेटल्याने फरक पडतो. पण दचकल्याने हृदय बंद पडेल ही भीती नको. खरी अडचण छातीच्या हाडाची आहे. ते मधोमध कापून तारांनी बांधलेलं असतं. ६ ते ८ आठवड्यांत बरंचसं जुळतं, पूर्ण भरायला साधारण ३ महिने लागतात.

आता रविवारची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. दार उघडतं, वीस जण आत, प्रत्येक जण मिठी मारणार. तो प्रत्येकासाठी सोफ्यातून उठणार, तेही दोन्ही हातांवर जोर देऊन, आणि नेमकं तेच सध्या टाळायचंय. कुणीतरी लहान मूल त्याच्या हातात देणार. तासाभरात तो थकलेला असेल, पण सगळे आपल्यासाठी आलेत म्हटल्यावर आत जाऊन पडणार नाही. असा शीण बहुतेकदा दुसऱ्या दिवशी कळतो. रोजचं चालणं जड जातं.

माझं मत, त्याला आधी सांगा. दोन-तीन माणसं, दुपारची झोप झाल्यावर, अर्धा-पाऊण तास. बसायला उंच, टणक खुर्ची. आणि "आता मी जरा पडतो" म्हणायची मुभा त्याला सगळ्यांसमोर आधीच देऊन ठेवा.

विनीत: माझ्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. दहाव्या दिवशी आम्ही घरी मोठा कार्यक्रम केला, तिला काहीही त्रास झाला नाही. लोक उगाच घाबरवतात.

मीनल: विनीत, त्यात हाड कापत नाहीत. दोन्हींना एक माप लावता येणार नाही.

सुधाकर: मी स्वतः बायपासमधून गेलोय. माणसं नको होती असं नाही, पण तीन जण एका वेळी बोलायला लागले की डोकं चालेना. पुस्तकाचं एक पान धड वाचून होत नव्हतं. बायकोने काय करावं? रोज संध्याकाळी माझ्याबरोबर निघायची आणि माझ्या चालीने चालायची. पुढे नाही, हात धरून नाही. आदल्या दिवशी जिथून परतलो त्याच्या थोडं पुढे गेलो की त्या जागी थांबायची आणि म्हणायची, "आज इथपर्यंत." याहून मोठा सोहळा मला नको होता.

प्राजक्ता: सगळं पटतंय, तरी एक बोलते. हळुवारपणाच्या नावाखाली आपण माणसाला काचेचं भांडं करून टाकतो. चहाचा कपसुद्धा उचलू देत नाही. ६ आठवडे झालेत ना? मग त्याचं एखादं काम त्याला परत द्या. बिलं भरणं, मुलांचा अभ्यास, काहीही. "आता हे परत तुझं" हे ऐकण्यात जो आनंद आहे तो फुगे लावण्यात नाही.

मीनल: प्राजक्ताशी शंभर टक्के सहमत, वजनाचं तेवढं बघा. दोन-तीन किलोंच्या वर उचलायचं असेल किंवा गाडी चालवायची असेल तर आधी सर्जनची परवानगी घ्या. छातीत हाड टकटक वाजल्यासारखं वाटलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर कार्यक्रम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि सतत दोन आठवडे मन उदास असेल तर तेही त्यांना सांगा. माणसं बोलावणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

रोहन: दचकण्याचं मी मागे घेतो. पण आधी सांगितलं तर तो "कशाला उगाच" म्हणून नकोच म्हणेल. काही माणसांना विचारून आनंद देताच येत नाही.

सुधाकर: नको म्हणाला तर नको. हॉस्पिटलात सगळं दुसऱ्यांनीच ठरवलेलं असतं. घरी तरी त्याचं त्याला ठरवू द्या.

अनघा: काल रात्री त्याला विचारलं. वीस जण म्हटल्यावर चेहरा उतरला. धाकटा भाऊ आणि एक मित्र, एवढेच येऊ देत म्हणाला. घरखर्चाचा हिशेबही त्याच्याकडे परत दिलाय, आज सकाळपासून माझ्या चुका काढतोय. आता प्रश्न उरलेल्या अठरा जणांचा. त्यातल्या निम्म्यांना मी आधीच बोलावून बसले आहे.

रोहन: त्यांना ३ महिने पूर्ण झाल्यावरची तारीख द्या. मोठा कार्यक्रम व्हायलाच हवा, या मतावर मी ठाम आहे.

प्राजक्ता: तारीखसुद्धा त्यालाच ठरवू दे, रोहन.