मदत हवी आहे: प्रवासासाठी डाउनलोड केलेले भाग निघण्याआधीच एक्सपायर झाले

शेवंती_
गुरुवार, संध्या. ७.१०

शनिवारी पहाटे निघायचंय आणि टॅबवर बाबांसाठी डाउनलोड करून ठेवलेल्या मालिकेच्या १८ पैकी ११ भागांवर आत्ता Expired दिसतंय. रविवारी तर केले होते! चार दिवसांत मुदत कशी संपते? बाकीचे ७ व्यवस्थित आहेत. जास्तीचे म्हणून फोनवर घ्यायला गेले तर म्हणतं, खूप डिव्हाइसवर डाउनलोड आहेत. पैसे भरून घेतलेलं खातं आहे, फुकटचं नाही. कोणाला माहीत असेल तर पटकन सांगा.

चकवा
७.१८

कोणतं ॲप? कोणता प्लॅन? टॅब अँड्रॉइड की आयपॅड? एवढं तरी लिहा की.

रानवारा
७.२२

सोपं आहे. डाउनलोड झालं की लगेच फ्लाइट मोड लावायचा आणि पोचेपर्यंत काढायचाच नाही. नेटच नाही तर ॲपला मुदत संपल्याचं कळणार कुठून? मी दर वेळी असंच करतो, कधी अडलं नाही.

जुनी_तार
७.३१

रानवारा, तुमचं अडलं नाही कारण तुमचा प्रवास मुदतीच्या आत संपला असेल. डाउनलोडसोबत एक परवाना येतो आणि तो कधीपर्यंत चालेल हे त्याच्यातच लिहिलेलं असतं. ते मोजायला नेट लागत नाही, नेट लागतं ते परवाना वाढवून घ्यायला. त्यामुळे फ्लाइट मोडमध्ये मुदत थांबत तर नाहीच, उलट संपली की तिथल्या तिथे काही करता येत नाही.

शेवंतीताई, एक विचारतो. डाउनलोड झाल्यावर ते ११ भाग तुम्ही कधी चालवून पाहिले का? थोडेसे, काही सेकंदसुद्धा?

शेवंती_
७.४०

हो, सोमवारी रात्री. बाबांना कमी ऐकू येतं, सबटायटल्सशिवाय त्यांना काही कळत नाही. मागच्या प्रवासात मी काहीच तपासलं नव्हतं आणि ते दोन तास नुसती तोंडं हलताना बघत बसले, मला बोललेही नाहीत. म्हणून या वेळी प्रत्येक भाग सुरू करून खाली अक्षरं येतात का ते पाहिलं. दहा-दहा सेकंद फक्त. पण त्याचा इथे काय संबंध?

टॅब अँड्रॉइड आहे. ॲपचं नाव लिहीत नाही, मग धागा ॲपवरच्या भांडणात जातो. प्लॅन दोन स्क्रीनचा.

जुनी_तार
७.५८

संबंध तिथेच आहे. बऱ्याच मालिका-चित्रपटांना दोन मुदती असतात. एक डाउनलोड केल्यापासूनची, ती काही दिवसांची असते. दुसरी पहिल्यांदा प्ले दाबल्यापासूनची, आणि ती अनेकदा फक्त ४८ तासांची. दहा सेकंद पाहिलं की पूर्ण भाग पाहिला, ॲपच्या लेखी सारखंच. तुम्ही सोमवारी रात्री दहाला तपासलं असेल तर बुधवारी रात्री दहाला ते भाग गेले, आणि आज गुरुवार आहे.

शेवंती_
८.०३

अरे देवा. दहालाच बसले होते. पण मग ७ कसे राहिले? तपासले तर सगळेच होते.

जुनी_तार
८.०९

ते सात आणि हे अकरा एकाच मालिकेचे, एकाच सीझनचे आहेत का?

शेवंती_
८.१२

नाही, दोन वेगळ्या मालिका आहेत. ११ एकीचे, ७ दुसरीचे. मी वर मालिका म्हटलं ते चुकलंच.

जुनी_तार
८.२०

मग उलगडलं. हा नियम ॲपचा सरसकट नसतो, ज्याच्या मालकीची मालिका आहे त्याच्याशी झालेल्या करारावर असतो. एकाच यादीत शेजारी-शेजारी असलेल्या दोन गोष्टींची मुदत वेगळी असू शकते. डाउनलोडच्या यादीत नावाखाली बघत जा. नेटफ्लिक्सवर मुदत संपायला सात दिवसांपेक्षा कमी उरले की किती वेळ उरलाय ते तिथेच दिसतं. तुमच्याही ॲपमध्ये तसं काही दिसत असेल. त्या सात भागांखाली काय लिहिलंय?

शेवंती_
८.२६

चार भागांखाली "३ दिवस". तिघांखाली काहीच नाही.

अनुस्वार
८.३०

माझाही प्रश्न इथेच विचारते. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये डाउनलोडचं बटणच दिसत नाही. मोठ्या पडद्यावर बघायची सवय आहे. काय सेटिंग बदलावं लागतं?

चकवा
८.३४

अनुस्वार, ब्राउझरमध्ये ते बटण बहुतेक ठिकाणी नसतंच, डाउनलोड फोन-टॅबच्या ॲपमध्ये असतं. नेटफ्लिक्सच्या विंडोज ॲपमध्ये पूर्वी होतं, २०२४ मध्ये तेही काढलं. वेगळा धागा काढा, इथे त्यांची घाई आहे.

रानवारा
८.४१

एवढी कटकट कशाला? टॅबची तारीख दोन दिवस मागे करा, ११ भाग परत चालू होतील.

जुनी_तार
८.४९

कृपया हे करू नका. घड्याळ मागे गेलेलं ॲपला कळलं तर कित्येकदा ते सगळेच डाउनलोड अडवून ठेवतं, आणि मग नेटला जोडल्याशिवाय सुटका नाही. आज निदान सात भाग चालतायत, ते तरी राहू द्या. आणि हे नियमात बसणारंही नाही.

रानवारा
८.५२

माझ्या जुन्या फोनवर चाललं होतं, म्हणून सांगितलं. बाकी तुम्ही बघा.

जुनी_तार
९.०५

शेवंतीताई, आता कामाचं. ११ भागांवर बोट ठेवलं की परवाना नव्याने घ्यायचा पर्याय येईल. बहुतेक वेळा पूर्ण भाग पुन्हा उतरत नाही, फक्त परवाना नवा होतो, मिनिटभरात होतं. पण हे आज करू नका. उद्या शुक्रवारी रात्री, बॅगा भरून झाल्यावर, सगळ्यात शेवटी करा. ते चार "३ दिवस"वालेही तेव्हाच नवे करता येतात का पाहा. आणि त्यानंतर एकाही भागाला प्ले दाबायचं नाही.

सबटायटल्स तपासायची असतील तर प्रत्येक भाग उघडायची गरज नाही. दोन्ही मालिकांतला बाबांनी आधीच पाहिलेला एकेक भाग जास्तीचा डाउनलोड करा, वायफाय बंद करा आणि तो चालवून बघा. त्यात अक्षरं आली तर एकाच वेळी, एकाच भाषेच्या सेटिंगने उतरवलेल्या बाकीच्या भागांतही येतील असं धरायला हरकत नाही. नेट चालू ठेवून तपासलं तर काहीच कळत नाही, कारण तेव्हा अक्षरं नेटवरूनही येऊ शकतात.

प्रवास किती दिवसांचा आहे?

शेवंती_
९.१४

१४ तास विमान, मग जहाज. परत पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी. म्हणजे १२ दिवस. जहाजावर नेट महाग आणि मुंगीच्या पावलांचं आहे असं ऐकलंय, त्यामुळे धरतच नाही. मधे एक गुरुवार बंदरात आहे.

हे मी आधी लिहायला हवं होतं, मला वाटलं प्रवास तो प्रवास.

जुनी_तार
९.२८

मग तो गुरुवार फार मोलाचा आहे. शुक्रवारी रात्री नवे केलेले भाग सात दिवसांचे असतील तर पुढच्या शुक्रवारी रात्री जातील. गुरुवारी बंदरातल्या वायफायवर पुन्हा नवे केले की पुढचे सात दिवस मिळतात आणि तुम्ही बुधवारी घरी. तो दिवस चुकला तर शेवटचे चार-पाच दिवस बाबांच्या हातात रिकामा टॅब.

आणि बाबांना एक सांगून ठेवा, एका वेळी एकच भाग सुरू करायचा. हा थोडा, तो थोडा असं करत गेलं तर सगळ्यांचे ४८ तास एकदम सुरू होतात.

भटकी_जमात
९.३५

जुनी_तार, बंदराचं गणित एवढं सोपं नाही हो. बंदर दुसऱ्या देशात असेल तर तिथे ती मालिका त्या ॲपवर नसूही शकते. माझं तसंच झालं. उतरवलेलं छान चालत होतं, तिकडचं वायफाय जोडलं आणि यादीतल्या दोन गोष्टी इथे उपलब्ध नाहीत म्हणून बंद पडल्या. न जोडता राहिले असते तर निदान मुदतीपर्यंत तरी चालल्या असत्या.

जुनी_तार
९.४३

हे बरोबर आहे, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग ज्यांची मुदत तशीही संपत आलीय त्यांच्यासाठीच बंदरात जोडावं, असं म्हणू का? पण जोडलं की ॲप सगळीच यादी तपासतं. ताई, ती मालिका त्या देशात आहे का हे आधी कळलं तर बरं.

चकवा
९.५०

डिव्हाइसचं राहिलंच. दोन स्क्रीनचा प्लॅन म्हणजे बहुतेक दोनच डिव्हाइसवर डाउनलोड. नेटफ्लिक्सच्या स्टँडर्ड प्लॅनला दोन आहेत, प्रीमियमला सहा. एक तुमचा टॅब, दुसरं कोणतं?

शेवंती_
९.५६

दुसरं काहीच नाही! माझ्या फोनवर तर कधी डाउनलोड केलंच नव्हतं.

चकवा
९.५९

घरात कोणी जुना फोन? विकलेला, बिघडलेला? ॲप काढून टाकलं किंवा फोन बंद पडला तरी जागा अडूनच राहते. खात्याच्या सेटिंगमध्ये ब्राउझरमधून डाउनलोड असलेल्या डिव्हाइसची यादी दिसते का पाहा.

शेवंती_
१०.१७

सापडला. भावाचा जुना फोन, पडदा फुटलेला, दीड वर्ष कपाटात आहे. यादीतून काढला आणि माझ्या फोनवर डाउनलोड सुरू झालं. चकवादादा, खूप आभार.

पैलतीर
१०.२५

गाण्यांचं पण असंच असतं. स्पॉटिफायला ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी बंद. पाच डिव्हाइस चालतात. मी तर प्रवासात गाणीच ऐकते, डोळ्यांना आराम. बाबांना गाणी का देत नाही?

शेवंती_
१०.३१

पैलतीर, बाबांना ऐकू कमी येतं, वर लिहिलंय.

भटकी_जमात
१०.३८

एक अजून. खात्याचे पैसे कोणत्या तारखेला कापले जातात ते बघून ठेवा. तारीख प्रवासात येत असेल आणि कार्डाची मुदत संपली असेल तर खातं बंद होऊन डाउनलोडही जातील. आणि कोणी काही म्हटलं तरी टॅबवर लॉगआउट करू नका, बऱ्याच ॲपमध्ये त्यासोबत सगळं पुसलं जातं.

शेवंती_
शुक्रवार, रात्री १०.५०

केलं सगळं. ११ पैकी १० भाग नवे झाले. त्या चार "३ दिवस"वाल्यांखाली आता काहीच दिसत नाही, म्हणजे सात दिवसांच्या पुढे गेले असं समजतेय. बाबांनी पाहिलेला पहिला भाग वायफाय बंद करून लावला, अक्षरं आली. त्यांनी चष्मा पुसून अख्खं एक दृश्य वाचलं आणि टॅब मिटून ठेवला, प्ले मी परत दाबलेलं नाही.

अकरावा भाग मात्र म्हणतोय की तो यापेक्षा जास्त वेळा डाउनलोड करता येणार नाही. नेमका शेवटचा, सगळा उलगडा होतो तो. मागच्या प्रवासासाठीही तोच घेतला होता, त्याआधीही एकदा.

जुनी_तार
११.०४

काही गोष्टी वर्षातून ठरावीक वेळाच डाउनलोड करता येतात, हा तोच प्रकार असावा. तारीख दिलीय का, कधीपासून परत मिळेल?

शेवंती_
११.०९

दिलीय, आम्ही परत आल्यावरची. तो भाग विमानतळावर नेटवरूनच दाखवायचा तर क्रम चुकतो, आधीचे दहा त्यांनी पाहिलेलेच नसतील. आणि बंदराचा देश कळला, पण ती मालिका तिथे आहे की नाही ते इथून कसं बघायचं?