काम थांबवल्याचं पत्र: आधी हिशोब लिहा

> "तीन महिने पेमेंट पुढे ढकलतायत, काम बंद करतेय असं पत्र लिहायचंय, काय लिहू?"

ताई, पत्रात नाराजी नंतर, हिशोब आधी. मी एका पॅकेजिंगवाल्या क्लायंटला सुरुवातच अशी केली होती, 'दोन बिलांचे मिळून ४६,००० रुपये बाकी आहेत, दोन्ही डिझाइन्स तुम्ही मेलवर अप्रूव्ह केलीत, आजपासून नवीन काम थांबवतोय, १५ दिवसांत पूर्ण रक्कम आली की ओपन फाइल्स पाठवतो.' अप्रूव्हलचे मेल त्यालाच जोडले, कारण नंतर 'काम आवडलंच नव्हतं' हे हमखास निघतं.

आणि तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन काम सुरू करायच्या आधीचं असेल तर तो नंबर लिहाच, एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पेमेंट नेता येत नाही आणि उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. रजिस्ट्रेशन नंतर काढलं असेल तर जुन्या बिलांसाठी हे लिहू नका, समोरच्याचा सीए लगेच पकडतो.

पत्र गेल्यावर थोडे पैसे टाकून 'पुढचं चालू करा' म्हणतील, तेव्हा अजिबात फाइल उघडू नका. मला १०,००० आले, मी काम चालू केलं, बाकीच्यासाठी आणखी चार महिने गेले.