मदत हवी आहे: अंधार पडल्यावर लागायचा दिवा दिवसाही सुरूच राहतो (आर्डुइनो, चित्र आणि प्रोग्रॅम दिला आहे)

मागीलदार

नमस्कार मंडळी. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे. सासूबाईंना रात्री एकदोनदा मागीलदारी जावं लागतं आणि दिव्याचं बटण पडवीच्या दुसऱ्या टोकाला आहे. मागच्या महिन्यात त्या पायरीवरून घसरल्या. हाड मोडलं नाही एवढंच. तेव्हापासून माझ्या मुलाने मनावर घेतलंय की अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा करायचा. तो आठवीत आहे. आर्डुइनो उनो, एलडीआर, एक रिलेचं मॉड्युल आणि लांब ब्रेडबोर्ड आणून दिला. जोडणीचं चित्र त्याने वहीत काढलं, त्याचा फोटो खाली देते.

चित्रात असं आहे: एलडीआरचा एक पाय ५ व्होल्टला. दुसरा पाय आणि १० के रेझिस्टरचा एक पाय एकाच ओळीत, तिथूनच A0 ला तार. रेझिस्टरचा दुसरा पाय ग्राउंडच्या निळ्या पट्टीत. रिलेला ५ व्होल्ट, ग्राउंड आणि पिन ७. प्रोग्रॅम हा:

```
const int LDR = A0;
const int RELAY = 7;

void setup() {
  pinMode(RELAY, OUTPUT);
  Serial.begin(9600);
}

void loop() {
  int v = analogRead(LDR);
  Serial.println(v);
  if (v < 400) digitalWrite(RELAY, HIGH);
  else digitalWrite(RELAY, LOW);
  delay(200);
}
```

दिवा चोवीस तास सुरू. एलडीआरवर हात धरला, काळं कापड टाकलं, काही फरक नाही. चित्र दहा वेळा ताडून पाहिलं. पोरगं हिरमुसलं आहे. कुणाला चूक दिसते का?

शेततळे

ताई, या सेन्सरवर दोन छोटे पिवळे स्क्रू असतात. एक वेळेचा, एक अंतराचा. वेळेचा पूर्ण उलटा फिरवा. माझ्याकडे गोठ्याला लावलाय, माणूस आला की लागतो. आधी माझाही बंदच होत नव्हता, स्क्रू फिरवल्यावर बरोबर झाला.

मागीलदार

दादा, आमच्या एलडीआरला स्क्रू नाहीत, नुसते दोन पाय आहेत. माणूस आल्यावर नाही, अंधार झाल्यावर लागायला हवा आहे.

शेततळे

अच्छा, मी हालचालीचा सेन्सर समजलो. पण सासूबाईंसाठी तोच बरा पडेल असं मला अजूनही वाटतं.

पिंपळपान

चूक सापडली. बाजारात मिळणारे बहुतेक रिले उलटे चालतात. त्यांना LOW दिलं की चालू आणि HIGH दिलं की बंद. तुमचा प्रोग्रॅम उजेडात LOW देतोय, म्हणून उजेडात दिवा लागतो. दोन ओळींतले HIGH आणि LOW अदलाबदल करा, विषय संपला.

मागीलदार

लगेच करून बघितलं. आता दिवा कायमचा बंद! कापड टाकलं तरी लागत नाही. मुलगा म्हणतो पहिलंच बरं होतं.

रोहित्र

थांबा, हे उत्तर फार कामाचं आहे. आधी कायम चालू, अदलाबदल केल्यावर कायम बंद. म्हणजे पिंपळपान यांनी सांगितलेली गोष्ट बहुधा खरी आहे, तुमचा रिले उलटाच चालत असावा. ती अदलाबदल तशीच ठेवा. पण प्रोग्रॅम दोन्ही वेळा एकाच फांदीत जातोय. `v` बहुधा कधी ४०० च्या खाली येतच नाही. तेव्हा दुसरी चूक रिलेच्या अलीकडे, एलडीआरच्या बाजूला आहे.

तीन गोष्टी कळवा. सिरियल मॉनिटरवर आकडे किती येतात? एलडीआर मुठीत घट्ट धरल्यावर किती? आणि वहीतल्या चित्राचा नाही, खुद्द ब्रेडबोर्डचा वरून काढलेला फोटो द्या. संपूर्ण बोर्ड दिसला पाहिजे.

आणि एक कळकळीची विनंती. हे सगळं होईपर्यंत २३० व्होल्टचा दिवा रिलेपासून सोडवून ठेवा. रिले टक् वाजतो, मॉड्युलवरचा लहान दिवा लागतो, तपासायला एवढं पुरतं. त्या मॉड्युलच्या पाठीमागे उघड्या टाक्यांवर घरचा करंट असतो आणि मुलगा ते हातात धरूनच बघणार.

मागीलदार

दिवा काढला, काका. खरंच हातातच धरत होता.

आकडे: १०२३, १०२३, १०२२, १०२३. मुठीत धरल्यावरही तेच. बोर्डचा फोटो जोडला आहे.

पिंपळपान

मग एलडीआर जळालेला असणार. किंवा दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले असतील, तरी असंच होतं. दहा रुपयांची वस्तू आहे, नवीन आणा.

रोहित्र

पाय एकाच ओळीत असते तर आकडे असेच आले असते हे बरोबर. पण फोटोत ते वेगळ्या ओळींत आहेत. नवीन आणायची घाई नको.

फोटो मोठा करून बघा. बोर्डच्या कडेने जी निळी रेघ जाते ती बरोबर मध्यावर थोडी तुटली आहे. लाल रेघही तिथेच तुटली आहे. ते छपाईतलं डिझाइन नाही. अशा बऱ्याच लांब बोर्डांत कडेची पट्टी आतून दोन तुकड्यांची असते. आर्डुइनोच्या ग्राउंडची तार तुम्ही डाव्या तुकड्यात लावली आहे. रिलेही डावीकडे, म्हणून तो नीट वाजतो. रेझिस्टरचा पाय मात्र उजव्या तुकड्यात आहे आणि तो तुकडा कशालाच जोडलेला नाही.

वहीत मुलाने ग्राउंड म्हणून एक लांब सरळ रेघ ओढली आहे. चित्र अगदी बरोबर आहे, म्हणून दहा वेळा ताडूनही चूक दिसली नाही. बोर्डवर ती रेघ एक नाही, दोन आहेत.

आता १०२३ च का? A0 वरचा आकडा एलडीआर आणि रेझिस्टर यांच्या ओढाताणीतून ठरतो. एलडीआर त्या ओळीला ५ व्होल्टकडे ओढतो, रेझिस्टर ग्राउंडकडे. उजेडात एलडीआरचा जोर वाढतो, अंधारात रेझिस्टरचा. तुमच्याकडे रेझिस्टरचं टोक हवेत आहे, त्यामुळे खाली ओढणारं कुणीच नाही. अंधारात एलडीआर कितीही दुबळा झाला तरी समोर कोणी नसल्यामुळे तोच जिंकतो.

मल्टीमीटर असेल तर बीपवर ठेवून एक टोक आर्डुइनोच्या ग्राउंडला आणि दुसरं रेझिस्टरच्या खालच्या पायाला लावा. बीप वाजणार नाही. मल्टीमीटर नसेल तर रेझिस्टरचा तो पाय पट्टीतून काढा आणि एक तार घेऊन सरळ आर्डुइनोवरच्या दुसऱ्या ग्राउंडला जोडा. उनोवर ग्राउंडच्या एकाहून जास्त जागा आहेत.

मागीलदार

काका!! आकडे हलले! खिडकीपाशी ७८० च्या आसपास, मुठीत १४०. मुठीत धरलं की रिले टक् वाजतो. मुलगा पंधरा मिनिटं नुसती मूठ उघडमीट करत बसला होता. नंतर त्याने स्वतः दोन तुकड्यांमध्ये एक छोटी तार टाकली आणि रेझिस्टर परत पट्टीत लावला. तसंही चालतंय.

रोहित्र

ते जास्त चांगलं केलं. लाल पट्टीलाही तशीच तार टाकायला सांगा, नाहीतर पुढच्या प्रयोगाला तीच अडचण येईल.

मागीलदार

तीन दिवसांनी परत येते आहे. काल वायरमनकडून दिवा जोडून पडवीत लावला. रात्री छान चालतो. पण संध्याकाळी सातच्या सुमारास दहा मिनिटं दिवा नुसता लुकलुकत होता, लाग-बंद, लाग-बंद. सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या स्वयंचलित नको, आपलं बटणच बरं.

पिंपळपान

`delay` वाढवा. २०० च्या जागी ५००० करा.

रोहित्र

त्याने लुकलुकणं संथ होईल, थांबणार नाही. दिवा लागला की त्याचाच उजेड एलडीआरवर पडतो. आकडा ४०० च्या वर जातो, प्रोग्रॅमला वाटतं दिवस उगवला, दिवा बंद. बंद होताच परत अंधार. म्हणून लावायचा आकडा वेगळा आणि विझवायचा वेगळा ठेवा. मधल्या पट्ट्यात रिले आहे तसाच राहू दे:

```
if (v < 300) digitalWrite(RELAY, LOW);
else if (v > 450) digitalWrite(RELAY, HIGH);
```

पण हे आकडे माझे आहेत, तुमच्या पडवीचे नाहीत. अंधार पडताना लॅपटॉप जोडून बघा: दिवा लागायच्या क्षणी किती होता आणि लागल्यावर किती झाला? तो फरक या दोन आकड्यांतल्या अंतरापेक्षा बराच लहान हवा.

मागीलदार

आज बघितलं. लागताना २९८, लागल्यावर ४६०. म्हणजे नवीन प्रोग्रॅमनेही लुकलुकतोच आहे.

रोहित्र

मग आकड्यांशी झटापट करू नका, एलडीआरची जागा बदला. पडवीच्या बाहेर, दिव्याकडे पाठ करून, आभाळाकडे तोंड. बोटभर लांबीची काळी नळी त्यावर चढवली तर बाजूचा उजेडही अडेल. पावसाचं पाणी आत जाणार नाही एवढी तिरकी धरा.

मागीलदार

पाणी भरायच्या जुन्या पाइपचा तुकडा कापून लावला. आता लागताना २९८, लागल्यावर ३१५. दोन संध्याकाळी बघितल्या, एकदाच लागतो आणि सकाळी एकदाच विझतो. सासूबाई काल बटणाकडे न जाता थेट मागीलदारी गेल्या.

एक बारीक गोष्ट राहिली. आमच्याकडे लाइट सारखी जाते. परत आली की भर दुपारीही दिवा क्षणभर लागून विझतो.

रोहित्र

`pinMode(RELAY, OUTPUT)` म्हटल्याबरोबर ती पिन LOW होते आणि तुमचा रिले LOW वरच लागतो. पहिल्यांदा `loop` मध्ये जाऊन आकडा वाचेपर्यंत ती तशीच राहते, त्यामुळे असं होत असावं. `setup` मध्ये त्या ओळीच्या आधी `digitalWrite(RELAY, HIGH);` लिहा.

शेततळे

आमचा गोठा रस्त्याला लागून आहे. तिथे असा एलडीआर लावला तर रात्री येणाऱ्या ट्रकच्या उजेडाने दिवा विझणार नाही का? यावर कुणाकडे उपाय आहे?

पिंपळपान

विझेल. म्हणूनच मी `delay` वाढवायला सांगत होतो.

रोहित्र

इथे पिंपळपान यांचा विचार कामाचा आहे, फक्त `delay` ने नाही. सलग दोन-तीन मिनिटं उजेड राहिला तरच विझवायचं, असं मोजत जावं लागेल. पण वाहनांची रांग लागली तर किती मिनिटं धरायची, हे त्या रस्त्यावर उभं राहूनच ठरेल. शेततळे, एका रात्रीचे आकडे काढून इथे टाकता का?