'मुक्षीय मामृतात्' : इथला 'मा' म्हणजे 'मला' की 'नको'?

सांजवेळ
महामृत्युंजय मंत्र रोज म्हणते. घरातल्या एका पोथीत शेवटच्या चरणाचा अर्थ 'मला मृत्यूतून सोडवून अमृताकडे ने' असा छापलाय, दुसरीत 'मृत्यूपासून सोडव, अमृतापासून सोडवू नकोस' असा. बरोबर कोणता?

घनपाठी
दुसरा. 'अमृतात्' ही पंचमी आहे, 'अमृतापासून'. 'अमृताकडे' हा अर्थ नुसत्या पंचमीतून निघत नाही. शिवाय 'मुक्षीय' म्हणजेच 'मी सुटावं'. क्रियापदातच 'मी' असताना वेगळा 'मला' कशाला हवा?

स्वर लावून म्हणणाऱ्याच्या तर हे कानावरच येतं. 'मला' या अर्थाचा छोटा 'मा' वेदात नेहमी अनुदात्त, म्हणजे खालच्या सुरातला असतो, निषेधाचा 'मा' उदात्त, म्हणजे वरच्या सुरातला. या ऋचेत 'मा' उदात्त आहे आणि त्याच्या पुढचा 'मृ'ही उदात्त. सपाट सुरात जप करायची सवय झाली आणि हा फरक ऐकू येईनासा झाला, याचं मला फार वाईट वाटतं.

पिंपळपान
इतकं ठाम नका बोलू. ही ऋचा ऋग्वेदात सातव्या मंडलात आहे, ५९व्या सूक्ताची शेवटची. ज्या मोजक्या ऋचांना शाकल्याचा पदपाठच नाही, त्यांतली ही एक. म्हणजे पदं कशी तोडायची हे खुद्द पदपाठकारानेच सांगितलेलं नाही. भाष्यपरंपरेत 'मा, आ, अमृतात्' असाही छेद आहे. 'आ' आला की पंचमीचा अर्थ 'पर्यंत' होतो, आणि पहिली पोथी चुकीची ठरत नाही.
आणि तुमचा स्वरांचा पुरावा इथे चालत नाही. 'मा' अनुदात्त धरला तरी 'आ' उदात्त आहे. दोघांचा संधी झाला की उच्चार पुन्हा उदात्तच.

घनपाठी
मान्य, स्वरांवरून हा छेद बाद होत नाही. बाद होतो तो नुसता 'मला, अमृतात्'. पण तुमच्या छेदाविरुद्ध ऋग्वेदाबाहेरचा साक्षीदार आहे आणि माझ्या मते तो निर्णायक आहे.

हा मंत्र यज्ञात कुठे म्हणत ते बघा. चातुर्मास्यांतल्या साकमेध पर्वात त्र्यंबकहोम असे. घरात जितकी माणसं तितके पुरोडाश, म्हणजे आहुतीचे भाजलेले पिठाचे गोळे, आणि वर एक जास्तीचा. तो जास्तीचा उंदराने उकरलेल्या मातीत पुरायचा. आहुती चव्हाट्यावर. मग घरचे लोक अग्नीभोवती फेरे घालत हा मंत्र म्हणत. आणि त्याच होमात लग्नाच्या मुलीही फेरे घालत, त्यांच्यासाठी शेवट वेगळा होता. शुक्ल यजुर्वेदात तो लगेच खाली दिलेला आहे:

त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पतिवेदनम् ।
उर्वारुकमिव बन्धनादितो मुक्षीय मामुतः ॥

'पुष्टिवर्धनम्'च्या जागी 'पतिवेदनम्', नवरा मिळवून देणारा. 'मृत्योः'च्या जागी 'इतः', इथून. 'अमृतात्'च्या जागी 'अमुतः', तिथून. शतपथ ब्राह्मण याचा उलगडाही करतं: इथून म्हणजे माहेरच्या माणसांपासून, तिथून म्हणजे नवऱ्यापासून. 'इथून सुटू दे, तिथून नको.' इथे 'मा' फक्त 'नको' असू शकतो. मुलीच्या तोंडच्या ओळीत तो निषेधाचा आणि तिच्या बापाच्या तोंडी त्याच जागी 'मला', हे मला पटत नाही.

बांधावरून
काकडीबद्दल बोलायचंय. सगळे 'पिकलेली काकडी वेलीपासून सुटते' म्हणतात, पण काकडी कधी आपण होऊन सुटत नाही. ती कोवळीच तोडतो आपण, आणि हिसका दिला तर वेल दुखावते. सुटतं ते खरबूज. पिकलं की देठाभोवती बारीक चीर दिसते, वास सुटतो, अंगठ्याने जरा दाबलं की देठ वेलीला राहतो आणि फळ हातात येतं. मंत्रात 'सुगन्धिम्' आहे ते यासाठीच असणार.

घनपाठी
फळाबद्दल तुमचं बरोबर असावं असं मलाही वाटतं. उर्वारुक म्हणजे काकडी-खरबुजाच्या घराण्यातलं फळ, नेमकं आजची काकडीच असं नाही. 'बन्धन' हाही नुसता वेदान्ती शब्द नाही, संस्कृतात देठालाच बन्धन म्हणतात. अमरकोशात 'वृन्तं प्रसवबन्धनम्' आहेच. पण 'सुगन्धिम्' हे त्र्यंबकाचं विशेषण आहे, फळाचं नव्हे. विभक्ती बघा.

पिंपळपान
आणि 'पिकलेलं' हा शब्द मंत्रात आहेच कुठे? 'पक्व' नाही, काही नाही. ते आपण घातलेलं आहे. त्यावर 'सहज, वेळ झाल्यावर येणारं मरण' असं अख्खं तत्त्वज्ञान उभारलं जातं.

बांधावरून
न पिकता सुटलेलं खरबूज मी तरी पाहिलं नाही. सुटणं म्हटलं की पिकणं आलंच, वेगळं सांगायला कशाला हवं?

देवघर
आमच्या वडिलांना अतिदक्षता विभागात ठेवलंय. गुरुजींनी सव्वा लाख जप सांगितलाय, आम्ही भावंडं वाटून करतोय. इथे वाचून काल मन चलबिचल झालं. याचा अर्थ 'सहज मरण येऊ दे' असा असेल तर आम्ही नेमकं काय मागतोय? थांबवावं का?

सांजवेळ
देवघर, नका थांबवू. मी विचारलं ते नुसत्या कुतूहलापोटी होतं. वडील लवकर घरी येवोत.

घनपाठी
थांबवण्याचं काही कारण नाही. 'सहज मरण' हा अर्थ या चरणात नाही, तो फळाच्या उपमेवरून पुढे नेलेला आहे. ऋचा शब्दशः सांगते ते एवढंच: मृत्यूपासून सुटावं, अमृतापासून नाही. आणि वेदातलं अमृत म्हणजे दर वेळी मरणानंतरचा मोक्ष नव्हे. पूर्ण आयुष्य लाभणं हेच माणसाचं अमृतत्व, असं शतपथ ब्राह्मणातच म्हटलं आहे. वडिलांचं उरलेलं आयुष्य तुटू नये हेच तुम्ही मागताय आणि शब्दही तेच म्हणतात.

पिंपळपान
देवघर, जप चालू ठेवा, यात घनपाठींशी माझं दुमत नाही. दुमत पुढचं आहे. त्र्यंबकहोमात रुद्राला त्याचा वाटा देऊन मूजवान पर्वतापलीकडे जायला सांगत, आणि माणसं मागे न बघता परतत. त्याने लांब राहावं म्हणून जो मंत्र होता, तोच आज त्याला जवळ बोलावण्यासाठी म्हटला जातो. लोकांनी शेकडो वर्षं 'मला अमृताकडे ने' या भावनेने जप केला असेल, तर तो अर्थही आता त्या शब्दाचाच झाला. होमातला अर्थ तेवढा खरा आणि जपातला चुकीचा, हे मी मानणार नाही.

घनपाठी
भावनेला चूक कोण म्हणतंय? माझा आक्षेप पोथी छापणाऱ्यावर आहे. अर्थ म्हणून खाली छापायचं तर 'नको' गाळू नका. सुटकेची मागणी करतानाच कशापासून सुटायचं नाही हेही ज्याने सांगितलं, त्याचं निम्मं वाक्य त्या एका अक्षरात आहे.

सांजवेळ
म्हणताना थांबायचं कुठे मग? आमच्याकडे 'मुक्षी' वर थांबून 'यमामृतात्' म्हणतात.

घनपाठी
तसं नका तोडू, त्यात भलताच 'यम' ऐकू येतो. श्वास घ्यायचाच तर 'बन्धनान्' नंतर घ्या. 'मृत्योर्मुक्षीय मामृतात्' एका दमात, 'य' आखूड आणि 'मा' स्वच्छ वेगळा.

पिंपळपान
'बन्धनान्' नंतर थांबलात तर तो 'न्' संधीमुळे आलेला आहे, पुढे 'मृत्योः' आहे म्हणून. थांबायचं तर 'बन्धनात्' म्हणावं लागेल. त्यापेक्षा 'उर्वारुकमिव'च्या आधी श्वास भरून घ्या आणि अख्खी ओळ सलग म्हणा.